वंदना किंवा ध्यान झाल्यावर पुण्य वाटायचं म्हणजे नेमकं काय म्हणायचं? आणि ते श्राद्ध होतं का?

निळी_पाखर:
जय भीम, नमो बुद्धाय मंडळी. बाबांना जाऊन महिना होत आला, पुढच्या रविवारी घरी पुण्यानुमोदन ठेवलंय, भंतेजी येणार आहेत. आई म्हणते जलदान करायचंच, तिच्या माहेरी सगळ्यांचं झालंय. धाकटा काका म्हणतो पाणी ओतणं म्हणजे तर्पणाचाच भाऊ, आणि २२ प्रतिज्ञांतली ६ वी वाचून दाखवली त्याने सगळ्यांसमोर, मी श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आई रडली, काका उठून गेला, आता दोघं माझ्याकडे बघतायत कारण घरात पाली थोडंफार मलाच वाचता येतं.
दुसरं म्हणजे मी रोज सकाळी बसते आनापानाला, श्वासाच्या ध्यानाला. उठताना "भवतु सब्ब मंगलं" म्हणते आणि कामाला लागते. एका मैत्रिणीने सांगितलं की शेवटी पुण्य वाटायचं असतं, नुसतं मंगल होवो म्हणणं वेगळं. तर नेहमीचे शब्द कोणते, कोणी कधी म्हणायचे, आणि माझ्या काकाला काय उत्तर देऊ?

पेठकर_स्पष्ट:
पुण्य वाटायचंय? आमच्या पुण्यात पार्किंग वाटा आधी.

भंडाऱ्याचा_पोट्टा:
आला बे हा. दर धाग्यावर पुण्याचा पीजे टाकल्याशिवाय याले जेवण पचत नाही.
निळीताई, बाबांबद्दल वाईट वाटलं. आमच्याकडे बी तांब्यातून पाणी सोडतात, पण कोणी काय म्हणते ते आपल्याले समजत नाही, आपण आपलं शेवटी जोरात साधु साधु म्हणून मोकळे.

विपश्यी_नाशिक:
अहो सोपं आहे. भवतु सब्ब मंगलं हेच पुण्य वाटणं. इगतपुरीला धम्मगिरीवर प्रत्येक सामूहिक साधनेच्या शेवटी गुरुजींच्या आवाजात तीनदा येतं, आपण तीनदा साधु म्हणतो, झालं वाटप. दहाव्या दिवशी मेत्ता शिकवतात ती पण तीच गोष्ट. वेगळं काही म्हणायची गरज नाही. पाण्याबिण्याचा तर संबंधच नाही, ते नंतर घुसलेलं कर्मकांड आहे.

सुजाता_मावशी:
विपश्यी दादा, अर्धं बरोबर आहे तुमचं. भवतु सब्ब मंगलं हा मंगलकामनेचा उद्गार आहे, त्यात "मी केलेलं पुण्य" हा उल्लेख कुठे येतो का बघा. मेत्ता म्हणजे सगळे सुखी होवोत ही भावना, तिला काही जमा असावं लागत नाही, रिकाम्या हाताने पण करता येते. पुण्य वाटताना आधी काहीतरी केलेलं असावं लागतं, दान, शील किंवा भावना, आणि मग त्यात दुसऱ्याला वाटेकरी करायचं. गोएंका गुरुजींच्या मेत्तेच्या सत्रात या दोन्ही गोष्टी येतात, आपल्या पुण्यात सगळ्यांचा वाटा असो असंही ते म्हणतात, म्हणून ऐकणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. गुरुजी मूळचे मंडालेचे, तिथे ब्रह्मदेशात पुण्य वाटल्याशिवाय कुठलंही पुण्यकर्म पुरं होत नाही, त्यामुळे ते तिथून आपसूक आलंय.
निळी, तू विचारलंस ते मी नीट लिहिते संध्याकाळी, आत्ता नातवाला शाळेतून आणायचंय.

तर्कटराव:
मावशी येईपर्यंत मी माझी काडी टाकतो. धम्मपद १६५: "सुद्धि असुद्धि पच्चत्तं, नाञ्ञो अञ्ञं विसोधये." शुद्धी-अशुद्धी ज्याची त्याची, दुसरा दुसऱ्याला शुद्ध करू शकत नाही. बुद्धांनी इतकं स्वच्छ सांगून ठेवल्यावर माझं पुण्य बाबांच्या खात्यावर कसं जमा होणार? हे मनीऑर्डर बौद्ध धम्मात बसत नाही. काकाचं बरोबर आहे. बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला, मग पाणी पोचणार कोणाला?

निळी_पाखर:
तर्कटराव, काका अगदी हेच बोलला, मनीऑर्डर हा शब्द सोडून. :) मावशी, वाट बघते.

चाकरमानी_गुहागर:
आमच्या गावाकडे पत्रिकेवरच छापतात "जलदान विधी व शोकसभा". भंते तिकडे कुठून मिळणार, बौद्धाचार्य करतात सगळं. मागे चुलत्याच्या वेळी बौद्धाचार्यांनी ताट, त्यात वाटी, आणि घरच्या सगळ्यांचे हात एका तांब्याला लावले, जो जवळ पोचला नाही त्याने पुढच्याच्या खांद्याला हात लावला. पाणी वाटीत पडत राहिलं, वाटी भरून ताटात सांडायला लागली. पण पाणी संपलं आणि गाथा चालूच होती, मग कोणीतरी धावत जाऊन बाटली आणली पाण्याची. लहान मुलं हसायला लागली आणि चुलती पण हसली रडता रडता. तर प्रश्न असा की ते पाणी मध्येच थांबलं तर चालतं का? आणि भंते नसतील तर पोचतं का?

बँकॉकचा_बापट:
मी बौद्ध नाही, नोकरीसाठी थायलंडला आहे बरीच वर्षं, पण हे रोज बघतो म्हणून लिहितो. इथे पाणी ओतण्याला क्रुआत नाम म्हणतात. जेवणदान झालं की ज्येष्ठ भिक्षू एकटे "यथा वारिवहा पूरा" सुरू करतात, त्याच क्षणी लोक छोट्या पितळी सुरईतून वाटीत धार सोडायला लागतात. मग बाकीचे भिक्षू एका सुरात "सब्बीतियो विवज्जन्तु" उचलतात, तोपर्यंत धार संपवायची आणि हात जोडून आशीर्वाद घ्यायचा. म्हणजे पाणी पहिल्या भागापुरतंच, दुसरा भाग देणाऱ्यांसाठी. बारीक धार सोडली की बरोब्बर पुरतं, नवखा माणूस भसकन ओततो आणि रिकामी सुरई धरून बसतो. नंतर ते पाणी झाडाच्या मुळाशी नेऊन घालतात. माझ्या ऑफिसातल्या बायका पाणी नसेल तर नुसतं मनात म्हणतात, त्यालाही नाव आहे इथे, कोरडं ओतणं अशा अर्थाचं.

पेठकर_स्पष्ट:
बापट आणि बँकॉक. धागा उत्तम चाललाय, बसतो.

सुजाता_मावशी:
आले. बापटांनी माझं अर्धं काम केलं.
निळी, घोळ होतो कारण आपल्याकडे शेवटच्या दहा मिनिटांत चार वेगवेगळ्या गोष्टी एका दमात म्हटल्या जातात आणि सगळ्यालाच लोक "शेवटच्या गाथा" म्हणतात.
आपल्या विहारातल्या संकल्प गाथेत येतं ते बघ: "इमिना पुञ्ञकम्मेन मा मे बालसमागमो, सतं समागमो होतु याव निब्बानपत्तिया." या पुण्यकर्माने मला मूर्खांची संगत न लाभो, निर्वाण मिळेपर्यंत सज्जनांची लाभो. हे मागणं स्वतःसाठी आहे, पुण्य कुठे वळवायचं ते आपण ठरवतोय, पण अजून कोणाला दिलं नाही. त्याच्याच मागे "देवो वस्सतु कालेन" येतं, पाऊस वेळेवर पडो, पीक येवो, राजा धार्मिक असो. ती जगासाठी सदिच्छा.
वाटणं सुरू होतं ते इथे. दिवंगतांसाठी: "इदं मे ञातीनं होतु, सुखिता होन्तु ञातयो." हे माझ्या नातलगांना लाभो, नातलग सुखी होवोत. तीनदा. हे घरच्यांनी म्हणायचं असतं, भंतेंनी नाही, कारण दान घरच्यांनी केलंय. भंते पुढे सांगतात आणि आपण मागून म्हणतो इतकंच. गेलेल्या नातलगांवरच्या मूळ तिरोकुड्ड सुत्तात "इदं वो ञातीनं होतु" असं आहे, म्हणताना लोक "मे" म्हणतात, दोन्ही चालतं, त्यावरून विहारात भांडू नका. देवतांसाठी वेगळी गाथा: "आकासट्ठा च भुम्मट्ठा देवा नागा महिद्धिका, पुञ्ञं तं अनुमोदित्वा चिरं रक्खन्तु सासनं." यातला "अनुमोदित्वा" म्हणजे आनंदाने मान्यता देऊन, हे लक्षात ठेव, तर्कटरावांचं उत्तर त्यातच आहे.
मग साधु साधु साधु. भंडाऱ्याच्या बाळा, तू म्हणतोस ना मोकळे होतो, ते मोकळं होणं नाही रे, तोच मुख्य भाग आहे. तो तुझा अनुमोदनाचा हुंकार. दुसऱ्याने केलेल्या चांगल्या कामाचा आपल्याला आनंद झाला असं तू जाहीर करतोयस.
आणि सगळ्यात शेवटी "इच्छितं पत्थितं तुय्हं खिप्पमेव समिज्झतु", तुझी इच्छा लवकर पुरी होवो. हा भिक्खूंचा आशीर्वाद. हल्ली सगळी सभाच माइकवर म्हणते, मग कोण कोणाला आशीर्वाद देतंय कळत नाही. तेव्हा गप्प बसून हात जोडावेत.

भंडाऱ्याचा_पोट्टा:
मावशी 🙏 म्हणजे आजपर्यंत म्या जे जोरात म्हटलं तेच कामाचं होतं. घरी सांगतो.

सुजाता_मावशी:
आता तर्कटराव. गाथा तुम्ही बरोबर दिलीत, अट्ठकथाकारांनाही, म्हणजे सुत्तांवर जुनी टीका लिहिणाऱ्यांनाही, ती पाठ होती, तरी ते पुण्य वाटा म्हणतात. कारण त्यांच्या मते एकाचं पुण्य उचलून दुसऱ्याच्या खात्यात टाकलं जात नाही. पेतवत्थूच्या अट्ठकथेत सांगितलंय की तीन गोष्टी जुळल्या तर फळ येतं: देणाऱ्याने नाव घेऊन उद्देशलं पाहिजे, घेणारा दानाला पात्र पाहिजे, आणि ज्याच्यासाठी केलं त्याने स्वतः अनुमोदन केलं पाहिजे. तिसरी गोष्ट नसेल तर बाकी दोन वाया. म्हणजे त्याला मिळतं ते त्याच्या स्वतःच्या मनात उठलेल्या कुशल चित्ताचं फळ, आपण फक्त निमित्त पुरवतो. शुद्धी ज्याची त्याचीच राहिली की नाही?
बिंबिसार राजाची गोष्ट तिरोकुड्ड सुत्ताच्या मागे सांगतात. त्याने बुद्धप्रमुख भिक्खुसंघाला भोजन दिलं पण कोणाच्या नावाने उद्देशलं नाही. आधीच्या जन्मांतले त्याचे नातलग प्रेतयोनीत, म्हणजे भुकेल्या अतृप्त जिवांच्या जन्मात, आशेने थांबले होते, त्यांना काही मिळालं नाही, रात्री वाड्यात भयंकर ओरडले. सकाळी राजा घाबरून बुद्धांकडे गेला, कारण कळलं, मग पुन्हा दान देऊन "इदं मे ञातीनं होतु" म्हणाला. दान पहिल्या दिवशीही तेवढंच होतं, फरक फक्त उद्देशण्याचा.

तर्कटराव:
मावशी, मांडणी सुरेख आहे हे कबूल. पण मग अडचण वाढलीच. निळीचे बाबा समजा माणूस म्हणून जन्मले असतील, आज नागपुरात कुठेतरी पाळण्यात असतील, ते अनुमोदन कसं करणार? त्यांना कळणारच नाही. मग रविवारचं पाणी कोणाला?

सुजाता_मावशी:
हाच प्रश्न जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाने बुद्धांना विचारलाय, अंगुत्तर निकायात दहाच्या निपातात आहे. त्याचा समाज श्राद्धं घालायचा, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं की पोचतं का. उत्तर असं की नरकात, पशुयोनीत, माणसांत, देवांत जन्मलेल्याला तिथलं अन्न असतं, हे पोचत नाही. फक्त प्रेतयोनीत असलेल्याला पोचतं. तो विचारतो, माझा तो नातलग तिथे नसेलच तर? मग तिथे असलेले दुसरे नातलग उपभोगतात. आणि कोणीच नसेल तर? बुद्ध म्हणतात, इतक्या लांबच्या प्रवासात त्या ठिकाणी तुझा एकही नातलग नसेल हे शक्य नाही, शिवाय देणारा कधी निष्फळ राहत नाही.
म्हणजे बाबांना नक्की पोचतंच अशी हमी धम्म देत नाही. कोणी भंते किंवा बौद्धाचार्य तशी हमी देऊन पैसे मागत असेल तर तिथून उठावं.

तर्कटराव:
शेवटचं वाक्य फ्रेम करून विहारात लावा. बाकी प्रेतयोनी मला पटत नाही आणि पटणारही नाही, बाबासाहेबांच्या बुद्ध आणि त्यांचा धम्म मधून मी जो धम्म शिकलो त्यात तिची गरज पडत नाही. माझ्या आईच्या वेळी आम्ही तिच्या नावाने विहाराच्या वाचनालयाला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दिली आणि तिचे गुण सांगितले चारचौघांत. पाणी नाही, ञातीनं नाही.

विपश्यी_नाशिक:
तर्कटराव, पण मग तुम्ही दान केलं, नाव घेऊन केलं, चारचौघांनी ऐकून साधु म्हटलं. मावशींच्या तीनपैकी किती झाल्या मोजा. 😄

तर्कटराव:
साधु कोणी म्हटलं नाही, टाळ्या वाजवल्या.

चाकरमानी_गुहागर:
टाळ्या म्हणजे कोकणातलं साधु.
माझं पाणी राहिलं मावशी, बाटलीवालं.

सुजाता_मावशी:
हो की. पाण्याने काही पोचत नाही, पाणी हे तिरोकुड्ड सुत्तातल्या दोन ओळींचं दृश्य रूप आहे. "उन्नमे उदकं वट्टं यथा निन्नं पवत्तति", उंचावर पडलेलं पाणी जसं सखल भागाकडे वाहतं, आणि "यथा वारिवहा पूरा परिपूरेन्ति सागरं", भरलेल्या नद्या जसा सागर भरतात, "एवमेव इतो दिन्नं पेतानं उपकप्पति", तसं इथून दिलेलं त्यांना लाभतं. त्या ओळी कानावर पडताना हाताने धार सोडायची म्हणजे मन भटकत नाही. थांबली धार तर बिघडलं नाही काही, पण बाटलीसाठी पळापळ झाली तेव्हा तुमचं सगळ्यांचं मन चुलत्याऐवजी बाटलीत होतं, नुकसान झालं असेल तर तेवढंच. मोठा तांब्या, बारीक तोंडाचा, आणि बापट म्हणतात तशी बारीक धार. ओतणाऱ्याला आधीच सांगून ठेवा कुठल्या ओळीला सुरू आणि कुठल्याला बंद.
भंते नसतील तर: दान नंतर जवळच्या विहारात संघाला पोचवता येतं. आणि दान हाच एक मार्ग नाही, घरच्यांनी पंचशील घेतलं, थोडा वेळ ध्यान केलं, तर तेही पुण्य वाटता येतं. मात्र जुन्या ग्रंथांत दिवंगतांच्या बाबतीत भर दानावर आहे, हे खरं.

लेणीवेडा:
श्राद्धाचा शिक्का मारणाऱ्यांसाठी एक वेगळा कोन. आईवडिलांच्या नावाने पुण्य करणं आपल्या डोंगरांत कोरून ठेवलंय हो. कार्ल्याला पुळुमावी सातवाहनाच्या २४ व्या वर्षाचा लेख आहे, हरफरण नावाच्या उपासकाने महासांघिक भिक्षूंना नऊ खोल्यांचा मंडप दिला, कशासाठी तर आईवडिलांच्या पूजेसाठी आणि सगळ्या सत्त्वांच्या हितसुखासाठी. अजिंठ्याला ५ व्या शतकातल्या दानलेखांत तर ठरलेलं वाक्य सापडतं, "यदत्र पुण्यं तद्भवतु", यात जे काही पुण्य असेल ते आईवडिलांना आणि सर्व सत्त्वांना अनुत्तर ज्ञान मिळण्यासाठी होवो. २६ व्या लेण्यात बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ लेणं केल्याचं लिहिलंय, आपल्या आईवडिलांनाही त्यात धरून. गंमत बघा, संसार सोडलेला भिक्षू आणि आईवडिलांची आठवण काढतोय दगडात.
अवांतर: कार्ल्याला जायचं तर मळवलीला उतरा, लोणावळ्याला नाही. रविवारी जाऊ नका.

पेठकर_स्पष्ट:
हे मात्र माहीत नव्हतं, आणि मळवली दर महिन्याला पास होते खिडकीतून. विनोद मागे घेतो, एकच.
सिरियसली एक विचारतो, मी अधूनमधून ध्यान करतो ॲपवर. पुण्य वाटलं की माझं कमी होतं का? म्हणजे महिन्याला किती शिल्लक राहतं त्याचा काही हिशोब?

भंडाऱ्याचा_पोट्टा:
पेठेतला माणूस, हिशोब विचारणारच.

सुजाता_मावशी:
विचारू दे की, जुनाच प्रश्न आहे. अनुरुद्ध थेरांच्या आधीच्या जन्माची गोष्ट आहे, तेव्हा ते अन्नभार नावाचे गरीब मजूर होते. त्यांनी आपला घास एका पच्चेकबुद्धाला, म्हणजे स्वतःच्या बळावर बोधी मिळवून एकटे राहणाऱ्या बुद्धाला, दिला. त्यांचा धनी सुमन शेठ म्हणाला, हे पुण्य मला विक, पाहिजे तितके पैसे घे. अन्नभारने विकायला नकार दिला. मग शेठ म्हणाला निदान वाटा दे. अन्नभार गोंधळला, जाऊन पच्चेकबुद्धांना विचारलं, तर ते म्हणाले, गावात एका घरी दिवा पेटलाय, शंभर घरांनी त्यावरून आपापल्या वाती लावून नेल्या तर पहिल्या दिव्याचा उजेड घटतो का? तेव्हा त्याने वाटा दिला, आणि शेठने पैसे दिले ते किंमत म्हणून नाही तर आदर म्हणून. उलट अभिधम्माच्या परंपरेत दहा पुण्यक्रिया मोजतात त्यात वाटा देणं ही एक आणि दुसऱ्याच्या पुण्याचं अनुमोदन ही दुसरी. म्हणजे वाटलंत तर जमेतच भर. हिशोब ठेवायची वही मात्र नाही पेठकर.

धर्मशाळा_ते_डोंबिवली:
उशिरा आलो धाग्यावर. तिबेटी परंपरेत मी जे शिकलो ते सांगतो, इथे भर वेगळ्या ठिकाणी आहे. तिथे साधना संपली आणि परिणामना, म्हणजे पुण्य सगळ्यांच्या बोधीसाठी अर्पण करणं, केली नाही तर साधना अपुरी मानतात. शिवाय लगेच करायची, उठून चहा घ्यायच्या आधी, कारण त्यांच्या मते क्रोधाचा एक झटका साठवलेलं पुण्य जाळतो, आणि बोधिप्राप्तीसाठी अर्पण केलेलं पुण्य तसं वाया जात नाही. नेहमीच्या श्लोकाचा अर्थ असा, या कुशलाने मी लवकर गुरु-बुद्धाची अवस्था मिळवो आणि एकही जीव मागे न ठेवता सगळ्यांना त्या भूमीवर नेवो. शांतिदेवांच्या बोधिचर्यावताराचा शेवटचा, १० वा अध्याय सगळा हाच आहे. नातलग वगैरे वेगळे येत नाहीत, सगळे जीव कधी ना कधी आपली आई होते असं धरतात त्यामुळे नातलग आपोआप आले. आणि करताना असंही बघायचं की देणारा, दिलेलं आणि घेणारा यातलं काहीच ठोस नाही. हे शेवटचं मला अजून जमत नाही, देणारा फार ठोस असतो.

तर्कटराव:
हे मला थेरवाद्यांपेक्षा जास्त पटतंय, विचित्र आहे. प्रेतयोनी नको, सगळ्यांसाठी चालेल.

सुजाता_मावशी:
थेरवादातही सगळ्यांसाठी आहे हो, फक्त दिवंगतांसाठी वेगळं दार ठेवलंय. निळी, तुझ्या रोजच्या बैठकीसाठी ब्रह्मदेशी पद्धतीचं हे चार ओळींचं घे:
इदं मे पुञ्ञं आसवक्खयावहं होतु.
इदं मे पुञ्ञं निब्बानस्स पच्चयो होतु.
मम पुञ्ञभागं सब्बसत्तानं भाजेमि.
ते सब्बे मे समं पुञ्ञभागं लभन्तु.
माझं हे पुण्य आसवांचा, म्हणजे चित्तातल्या मळांचा, क्षय करणारं होवो, निर्वाणाला कारण होवो, माझ्या पुण्याचा वाटा मी सर्व सत्त्वांना देते, त्या सगळ्यांना तो सारखा मिळो. पाली जिभेवर बसत नसेल तर मराठीत म्हण, "आत्ता बसून जे काही कुशल घडलं त्यात आई, बाबा, शिकवणारे, सोबतचे, ज्यांच्याशी माझं पटत नाही ते, आणि सगळे प्राणी वाटेकरी होवोत." नावं घेताना थोडं थांब. भरभर म्हटलं की नुसती यादी होते. आणि ज्या दिवशी बैठकीत पूर्ण वेळ डुलकी लागली त्या दिवशीही म्हण, बसलीस एवढं तरी घडलं ना.

विपश्यी_नाशिक:
मावशी हे लिहून घेतलं. ब्रह्मदेशातून जाऊन आलेले साधक सांगतात की तिथे शेवटी लोक अम्या अम्या अम्या असं मोठ्याने म्हणतात, सारखा वाटा घ्या म्हणून, आणि घंटा वाजवतात, रस्त्यावरचे लोक पण साधु म्हणतात.

निळी_पाखर:
सगळ्यांचे आभार. काल काकाला जाणुस्सोणिचं वाचून दाखवलं. तो म्हणाला, म्हणजे बुद्धांनी श्राद्धवाल्यालाच उत्तर दिलं, तर हे श्राद्धाच्या जवळचंच झालं की. मी म्हटलं पिंड नाही, ब्राह्मण नाही, तिथी नाही, मुलगाच पाहिजे असं नाही, मी आणि आई ओतणार. यावर तो जरा गप्प झाला. पण प्रतिज्ञेचं त्याचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाहीये खरं सांगायचं तर, कारण आमच्या नात्यात काही लोक खरंच पितरांसारखंच करतात, वर्षाच्या वर्षाला ताट वाढून.

तर्कटराव:
मग काकाचा विरोध त्या ताटाला असू दे, तुमच्या तांब्याला नको. प्रतिज्ञा कोणत्या गोष्टी तोडायला होत्या ते त्याला पक्कं माहीत आहे आणि ते त्याने सोडू नये.

चाकरमानी_गुहागर:
तर्कटराव तांब्याच्या बाजूने बोलले, धागा वाचनखूण साठवली.

सुजाता_मावशी:
काकांना ओतायला सांगू नकोस, आग्रह करू नकोस. तिरोकुड्ड सुत्तातच ओळ आहे, रडणं, शोक, विलाप गेलेल्याच्या कामी येत नाही, आणि त्या दिवशी घरात भांडण झालं तर ते तर अजिबातच नाही. त्यांना बाबांबद्दल चार शब्द बोलायला सांग, "त्याने मला हे दिलं, माझ्यासाठी हे केलं" अशी आठवण काढून दान द्यावं असं सुत्तच म्हणतं, "अदासि मे अकासि मे". ते काम त्यांचं.
क्रम असा ठेव. आधी त्रिसरण-पंचशील, मग भोजनदान आणि जे काही वस्तुदान असेल ते, मग काकांच्या आठवणी, मग जलदानाच्या गाथा आणि तुम्ही दोघींनी तीनदा इदं मे ञातीनं होतु, मग सगळ्यांचं साधु, मग भंतेंचा आशीर्वाद. दान व्हायच्या आधी पाणी ओतू नका, घाईत तसंच होतं बऱ्याच ठिकाणी, वाटायला अजून काही जमलेलंच नसतं.
कार्यक्रम किती वाजता आहे?

निळी_पाखर:
चुलतभावाने व्हॉट्सॲपला पाठवलेल्या पत्रिकेत ११ वाजता कार्यक्रम आणि १ वाजता भोजन असं आहे.

सुजाता_मावशी:
अगं भंते मध्यान्हानंतर जेवत नाहीत! भोजनदान ११ ला सुरू करा, भंतेंचं १२ च्या आत उरकलं पाहिजे. पाहुण्यांचं मग १ ला होऊ दे.

निळी_पाखर:
भावाला फोन लावते. १० ची वेळ टाकून नवी पत्रिका पाठवायला सांगते, लोक साडेदहाला येतील.

भंडाऱ्याचा_पोट्टा:
आमच्याकडचे असतील तर ९ टाका.